पाडव्याचे आम्रखंड आणि ‘मर्यादित’ या शब्दाची जबाबदारी

महाराष्ट्रातील जुन्या दुकानांवर ‘आमची कोठेही शाखा नाही’ अशी पाटी आढळते, हे सर्वांस ठाऊक आहे. या पाटीची थट्टा पुष्कळ झाली आहे. परंतु जाहिरातीच्या अभ्यासकाने तिच्याकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहावयास हवे. ती पाटी ग्राहकास एक वस्तुस्थिती सांगते, आणि ती वस्तुस्थिती खरी की खोटी हे पडताळून पाहता येते. माल येथेच मिळेल, इतरत्र मिळणार नाही, एवढेच तिचे म्हणणे असते. अलीकडे ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील मिठाईवाल्यांच्या सणासुदीच्या जाहिरातींत ‘मर्यादित आवृत्ती’, ‘साठा मर्यादित’ असे शब्द वारंवार येतात. तेही वरवर पाहता वस्तुस्थितीच सांगतात. मात्र मर्यादा कशाची, ती कोणी घातली आणि ती केव्हा सरेल, याविषयी हे शब्द बहुधा मौन पाळतात. प्रस्तुत लेखात या मौनाचा विचार एकाच पदार्थाच्या आधारे करावयाचा आहे. तो पदार्थ म्हणजे गुढीपाडव्यास नव्या हंगामाच्या हापूस आंब्याचा रस घालून केलेले आम्रखंड.

‘मर्यादित आवृत्ती’ हा शब्दप्रयोग मुळात ग्रंथव्यवहारातला आहे. ठरावीक प्रती छापावयाच्या, त्यांवर क्रमांक घालावयाचे आणि पुन्हा छपाई करावयाची नाही, असे वचन त्यात अभिप्रेत असते. ही मर्यादा प्रकाशकाने स्वेच्छेने घातलेली असते आणि ती तशी असल्याचे तो लपवीत नाही. मिठाईच्या बाबतीत मर्यादेची तीन निरनिराळी कारणे संभवतात. पहिले कारण कच्च्या मालाचे, म्हणजे फळच पुरेसे उतरलेले नसणे. दुसरे कारण कामाचे, म्हणजे माणसे, भांडी किंवा शीतगृहातील जागा अपुरी असणे. तिसरे कारण मर्जीचे, म्हणजे अधिक करता येत असूनही करावयाचे नाही असे ठरविणे. तिन्ही कारणे प्रामाणिक असू शकतात. अप्रामाणिकपणा येतो तो तिसऱ्या कारणाला पहिल्याचा वेष चढविला म्हणजे. तो ओळखण्यासाठी एक साधा प्रश्न पुरेसा आहे: उद्या मागणी दुप्पट झाली, तर हा व्यापारी माल दुप्पट करू शकेल काय? ‘करू शकेल’ असे उत्तर आले, तर ती मर्यादा निसर्गाची नव्हे, मर्जीची होय.

आता पाडव्याच्या आम्रखंडाची मर्यादा कोणत्या प्रकारची ते पाहू. येथे पंचांग आणि झाड यांच्यातील विसंगती लक्षात घ्यावी लागते. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे चैत्र शुद्ध प्रतिपदा दरवर्षी मागे सरकते, आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जाते. २०२४ साली पाडवा ९ एप्रिलला होता, २०२५ साली तो ३० मार्चला आला आणि २०२६ साली १९ मार्चला. आंब्याचे झाड मात्र तिथी पाळीत नाही. कोकणात हापूसला मोहोर साधारणपणे नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत टप्प्याटप्प्याने येतो. पहिल्या मोहोराचे जे थोडे फळ टिकते ते मार्चमध्ये हाती लागते आणि खरी आवक एप्रिल-मे महिन्यांत होते. त्यामुळे ९ एप्रिलचा पाडवा आणि १९ मार्चचा पाडवा यांत केवळ तीन आठवड्यांचा फरक असला, तरी हापूसच्या दृष्टीने तो पुष्कळ मोठा ठरतो. एका वर्षी जे विपुल असते, ते दुसऱ्या वर्षी मोजके असते. पुष्कळ घरांत अक्षय्य तृतीयेस देवापुढे आंबा ठेवल्याखेरीज तो खावयाचा नाही असा रिवाज आहे. फळाच्या हंगामाशी हा रिवाज अधिक जुळता आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मग पाडव्याला बाजारभर जे आम्रखंड दिसते ते कोठून येते? त्यातील बराचसा भाग गेल्या हंगामात काढून हवाबंद डब्यात किंवा गोठवून ठेवलेल्या रसापासून होतो. यात गैर काहीच नाही. डबाबंद रस उष्णतेने निर्जंतुक केलेला असल्यामुळे त्याला किंचित शिजल्याची चव येते, पण त्याचा रंग आणि गोडी एकसारखी राहते. मुद्दा निराळाच आहे. असा रस वर्षभर मिळतो, दूधही मिळते आणि साखरही मिळते. तेव्हा डबाबंद रसाच्या आम्रखंडाची जाहिरात ‘पाडव्यापुरते, साठा मर्यादित’ अशी केली, तर वरील प्रश्नाच्या कसोटीवर ती टिकत नाही. नव्या फळाच्या आम्रखंडाची गोष्ट वेगळी. तेथे मर्यादा खरोखरच असते. परंतु ती नेमकी कोठे असते, हे हिशेब केल्यावाचून जाहिरात लिहिणाऱ्यालाही कळत नाही.

म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊन हिशेब मांडू. समजा, डोंबिवली पूर्वेच्या एका मिठाईवाल्याने १९ मार्च २०२६ च्या पाडव्यासाठी हापूसच्या २५ पेट्या घेतल्या. प्रत्येक पेटीत ४ डझन, म्हणजे एकूण १०० डझन किंवा १,२०० फळे. फळाचे सरासरी वजन २२५ ग्रॅम धरले, तर एकूण वजन २७० किलो होते. साल आणि कोय काढल्यावर निम्म्या वजनाचा रस मिळतो असे सावधपणे धरू. कागदावर १३५ किलो रस दिसतो. प्रत्यक्षात तो इतका कधीच मिळत नाही.

त्याची कारणे दोन. पहिले असे की, कच्चे फळ अढीत घालून पिकण्यास साधारण आठ ते बारा दिवस लागतात आणि सर्व फळे एकाच दिवशी पिकत नाहीत. दहातले एखादे फळ पाडव्याच्या आदल्या दिवशीही कच्चेच राहते. कॅल्शियम कार्बाइडने फळ घाईने पिकविण्यास कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायूचा ठरावीक प्रमाणात उपयोग करता येतो. पण त्यानेही कोवळ्या फळात गोडी उत्पन्न होत नाही. दुसरे कारण अधिक अवघड आहे, आणि ते म्हणजे साका. हापूसच्या गरात कोयीलगत कधी कधी पांढुरका, स्पंजासारखा, आंबूस भाग तयार होतो. हा दोष बाहेरून दिसत नाही. सालीचा रंग, वास, दाबून पाहणे यांपैकी कशानेही तो निश्चित कळत नाही. फळ कापल्यावरच तो उघड होतो. असे फळ रसात गेले तर सबंध रसाला आंबट, उतरलेली चव येते. तेव्हा ते बाजूला काढावेच लागते.

आता दोन अंदाज करू. चांगल्या वेळी १२० फळे कच्ची राहिली आणि १२० साक्याची निघाली, तर ९६० फळे हाती राहतात. त्यांचे वजन २१६ किलो आणि रस १०८ किलो. वाईट वेळी साक्याची फळे ३६० निघाली, तर ७२० फळे उरतात. त्यांचे वजन १६२ किलो आणि रस ८१ किलो. एक किलो आम्रखंडात ४५० ग्रॅम चक्का, ३०० ग्रॅम साखर आणि २५० ग्रॅम रस असे प्रमाण धरले, तर चांगल्या वेळी ४३२ किलो, म्हणजे अर्ध्या किलोचे ८६४ डबे होतात, आणि वाईट वेळी ३२४ किलो, म्हणजे ६४८ डबे. या दोन आकड्यांमधील दोनशेहून अधिक डब्यांचे अंतर फळ कापण्यापूर्वी कोणालाही मिटविता येत नाही.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. ४३२ किलो आम्रखंडास सुमारे १९५ किलो चक्का लागतो. एक किलो चक्क्यास म्हशीचे तीन लिटर दूध धरले, तर पावणेसहाशे-सहाशे लिटर दूध पुरते. शहरातील मध्यम मिठाईवाल्याला ते मिळविणे कठीण नाही. दही रात्रभर टांगण्यास फडकी आणि जागाही त्याच्याकडे असते, कारण साध्या श्रीखंडासाठी तो हे नित्य करीतच असतो. अर्थात या ठिकाणी मर्यादा दुधाची नाही आणि हातांचीही नाही. ‘पारंपरिक पद्धतीने, हाताने बनविलेले असल्यामुळे मर्यादित’ असे जे वाक्य अशा जाहिरातींत सहज लिहिले जाते, ते या उदाहरणात असत्य ठरेल. पदार्थ हाताने केलेला असेलही. पण मर्यादेचे कारण ते नव्हे. कारण खरे असून चालत नाही, ते त्याच परिणामाचे कारण असावे लागते.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो टाळता कामा नये. वाशीच्या फळबाजारात पैसे मोजणाऱ्यास पाडव्याच्या आदल्या दिवशीही पिकलेला हापूस मिळू शकेल. मग ‘फळच नाही’ असे कसे म्हणता येईल? आक्षेप बरोबर आहे. कच्च्या मालाची मर्यादा ही जवळजवळ नेहमीच एखाद्या दराची मर्यादा असते. मिठाईवाल्याचे खरे म्हणणे असे असते, की ‘या दरात विकावयाचे तर मला एवढेच फळ घेणे परवडले’. हे सांगण्यात त्याला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. ‘आंबा कोठेच उपलब्ध नाही’ या विधानापेक्षा हे विधान अधिक खरे आहे, आणि ग्राहकाला ते अधिक लवकर पटते, कारण मार्चमधील आंब्याची किंमत त्यालाही ठाऊक असते.

या पूर्वतयारीनंतर मजकुराकडे वळू. नित्य आढळणारा नमुना साधारण असा असतो: ‘फक्त पाडव्यापुरते! अस्सल, ताज्या हापूसचे शाही आम्रखंड. साठा अत्यंत मर्यादित. त्वरा करा!’ यातील ‘अस्सल’ आणि ‘ताजा’ हे शब्द केवळ शोभेचे राहिलेले नाहीत. खाद्यपदार्थांच्या जाहिराती व दावे यांविषयीच्या २०१८ च्या विनियमांनी ‘ताजे’, ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘अस्सल’ अशा शब्दांच्या वापरावर अटी घातल्या आहेत. प्रक्रिया झालेल्या पदार्थाला ‘ताजे’ म्हणणे त्यांत बसत नाही. म्हणून ‘ताजे आम्रखंड’ असे न लिहिता रस कोणत्या फळाचा आणि केव्हा काढलेला, एवढेच सांगावे. ‘हापूस’ या नावालाही २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील फळासाठी आहे. कर्नाटकातील आंबा हापूस म्हणून खपविला जातो, हे बाजारात सर्वश्रुत आहे. तेव्हा जिल्ह्याचे नाव लिहिल्याने ‘अस्सल’ या विशेषणाची गरजच उरत नाही.

‘साठा अत्यंत मर्यादित, त्वरा करा’ या शब्दांचा विचार अधिक काळजीने करावा लागतो. फसव्या जाहिरातींस आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत आमिषाच्या जाहिरातींचा स्वतंत्र विचार आहे. मागणी पुरवठ्याहून अधिक होईल असा अंदाज असल्यास साठा मर्यादित असल्याचे स्पष्ट सांगावे, आणि बाजारातील परिस्थितीविषयी किंवा मालाच्या उपलब्धतेविषयी दिशाभूल करू नये, असा त्यांचा आशय आहे. २०२३ च्या तत्त्वांनी खोटी निकड किंवा खोटी दुर्मीळता भासवून खरेदीस भाग पाडणे हा एक अनुचित प्रकार ठरविला. म्हणजे साठा खरोखर थोडा असेल, तर तसे सांगणे हे कर्तव्यच आहे. तो थोडा नसताना तसे सांगणे हा दोष आहे. एकच वाक्य एका दुकानात कर्तव्य आणि शेजारच्या दुकानात दोष ठरू शकते. हा निर्णय शब्दांवरून होत नाही, तर पेट्यांच्या वहीवरून होतो.

आपल्या उदाहरणातील मिठाईवाल्यासाठी मजकूर पुढीलप्रमाणे लिहिता येईल:

‘पाडव्याचे आम्रखंड: यंदा मोजके. गुरुवार, १९ मार्च. यंदा पाडवा लवकर आला आणि कोकणातला आंबा अजून थोडाच उतरला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील हापूसच्या २५ पेट्या आम्ही अढीत घातल्या आहेत. या दरात आम्हाला एवढ्याच घेता आल्या. किती फळ साक्यावाचून निघेल ते कापल्यावरच कळेल. म्हणून अर्ध्या किलोच्या ६४० डब्यांचीच मागणी आगाऊ घेत आहोत. फळ चांगले निघाले, तर वाढीव डबे १८ तारखेस सायंकाळी ६ वाजता दुकानात ठेवू आणि त्यांची संख्या फलकावर लिहू. यात एक चतुर्थांश आंब्याचा रस आहे. गेल्या वर्षीच्या रसाचे आमचे नेहमीचे आम्रखंड हवे तेवढे मिळेल. एप्रिलच्या उत्तरार्धात आंबा भरपूर आला, की नव्या फळाचे आम्रखंडही मोजून द्यावे लागणार नाही.’

या मजकुरातील तीन गोष्टींकडे विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे. पहिली अशी की, आगाऊ मागणीचा आकडा चांगल्या अंदाजावर बेतलेला नाही, वाईट अंदाजावर बेतलेला आहे. ८६४ डब्यांची मागणी घेऊन ६४८ च डबे झाले, तर दोनशेहून अधिक घरांत पाडव्याचे ताट अपुरे राहील. तेथे दिलगिरीचा काही उपयोग होत नाही, कारण सणाचे जेवण दुसऱ्या दिवशी पुन्हा होत नसते. दुसरी गोष्ट म्हणजे मजकूर पर्यायी पदार्थाचे नाव घेतो. मर्यादा खोटी असली, की लेखक पर्याय लपवितो. ती खरी असली, की पर्याय सांगण्यात त्याचे काही जात नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की मर्यादा केव्हा संपेल हे त्यात लिहिले आहे. ज्या टंचाईचे कारण ऋतू आहे, तिचा शेवटही ऋतूच करतो. म्हणूनच ‘मर्यादित आवृत्ती’ या उसन्या शब्दांपेक्षा ‘मोजके’ आणि ‘हंगामी’ हे आपले जुने शब्द येथे अधिक अर्थवाही आहेत. ‘हंगामी’ म्हणताच कारण आपोआप कळते.

आकड्याच्या बाबतीत स्थळाचाही विचार करावा लागतो. समजा, याच मिठाईवाल्याची दुकाने ठाण्यात नौपाड्याला, कल्याणला आणि डोंबिवलीला आहेत. जाहिरातीत ‘६४० डबे’ असे एकत्रित लिहिले आणि कल्याणच्या दुकानी प्रत्यक्षात ६० च पाठविले, तर कल्याणच्या ग्राहकाच्या दृष्टीने तो आकडा फसवाच झाला. लोकलने डोंबिवलीला जाऊन डबा आणण्याइतका वेळ त्या सकाळी कोणाला नसतो. तेव्हा दुकानवार संख्या लिहिणे अवश्य आहे. डोंबिवलीची गोष्ट आणखी निराळी आहे. तेथे गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने १९९९ साली नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली आणि पुढे ती प्रथा ठाण्यासह अनेक शहरांत पसरली. पाडव्याच्या सकाळी यात्रेला गेलेली माणसे परतताना मिठाईच्या दुकानात शिरतात. ज्याने आगाऊ पैसे भरले आहेत तोही याच गर्दीत असतो. त्याचा डबा किती वाजेपर्यंत राखून ठेवला जाईल, हे मजकुरात नसेल तर दुपारी बारा वाजता दुकानदाराला दोन ग्राहकांपैकी एकाशी खोटे बोलावे लागते. ‘आगाऊ मागणीचे डबे दुपारी १ पर्यंत राखून ठेवू’ हे छोटेसे वाक्य तो प्रसंग टाळते.

मर्यादा खरी होती की नाही, याचा निवाडा अखेर विक्रीनंतरच होतो. दूरस्थ अभ्यासकालाही दिसतील अशा काही खुणा आहेत. ‘संपले’ अशी पाटी लागल्यावर तासाभराने ओळखीच्या ग्राहकासाठी आतून डबा निघणे, पाडवा उलटल्यावर तेच आम्रखंड सवलतीने विकले जाणे, किंवा ‘लोकाग्रहास्तव’ मर्यादित मालाची मुदत वाढविणे, या साऱ्या गोष्टी मूळ विधान असत्य होते असे सुचवितात. उलटपक्षी, फळ अंदाजाहून चांगले निघाले म्हणून डबे वाढले, तर संख्या आणि कारण दोन्ही फलकावर लिहिल्यास ती वाढ खोटेपणाची खूण न होता खरेपणाची होते. यासाठी मिठाईवाल्याने एका पानाची नोंद ठेवावी: पेट्या किती, कापलेली फळे किती, साक्याची किती, रस किती किलो, डबे किती. जाहिरात लिहिणाऱ्याने लेखणी उचलण्यापूर्वी या पानाच्या पहिल्या ओळी मागून घ्याव्यात आणि सण झाल्यावर शेवटच्या ओळीही पाहाव्यात.

यावरून जाहिरात लेखनाच्या अध्यापनासंबंधी एक निष्कर्ष निघतो. आपल्या अभ्यासक्रमांत मजकुराची परीक्षा बहुधा शब्दांच्या आकर्षकतेवर होते. वरील उदाहरणातील चांगला मजकूर आणि वाईट मजकूर यांच्यातील भेद मात्र शब्दांआधीच, अढीपाशी आणि कापणीच्या पाटावर ठरलेला आहे. साका म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ‘६४०’ हा आकडा सुचणार नाही. त्याच्यापाशी ‘अत्यंत मर्यादित’ एवढेच शब्द उरतील. विद्यार्थ्याला पाडव्याच्या आम्रखंडाची जाहिरात लिहावयास सांगण्यापूर्वी त्याला एक दिवस मिठाईवाल्याच्या भटारखान्यात बसवून आंबे मोजावयास लावावे, असे आम्हांस वाटते.